ऐनवेळी आजारी पडलात आणि जेवणाला ‘येतो’ म्हणून सांगितलंय: नकार कधी, कोणाला आणि कसा कळवायचा

येतो म्हणून सांगितलेलं असतं आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी अंग तापतं. त्यानंतर बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. दुपारपर्यंत ‘बघू, उतरेल ताप’ म्हणून थांबायचं. चारच्या सुमारास ‘जरा बरं नाहीये, जमलं तर येतो’ असा मेसेज टाकायचा. साडेसातला ‘सॉरी, नाही जमत’. यजमानाला अशा दोन बातम्या मिळतात. दुपारपर्यंत त्याला काही कळत नाही, पहिल्या बातमीवर काही ठरवता येत नाही आणि दुसरी येते तेव्हा भात कुकरमध्ये चढलेला असतो.

आजारपणामुळे कोणी आलं नाही म्हणून सहसा कोणाला राग येत नाही. राग येतो तो दिवसभर अधांतरी ठेवल्याचा. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: नकार एकदाच द्यायचा, तो स्पष्ट द्यायचा आणि त्यात यजमानाला लागणारे आकडे द्यायचे. आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी आजारपण आलं, आमंत्रण कोणाच्या घरी जेवायचं किंवा नव्या घराच्या कार्यक्रमाचं आहे, एवढ्याच परिस्थितीबद्दल मी लिहितो आहे.

## पायरी १: आधी ठरवा, मग फोन उचला

पहिल्या अर्ध्या तासात निर्णय व्हायला हवा. त्यासाठी दोनच प्रश्न लागतात, आणि ते याच क्रमाने विचारायचे.

पहिला प्रश्न: माझ्यामुळे तिथे कोणाला लागण होईल का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर तुम्हाला किती बरं वाटतंय याला काही अर्थ उरत नाही. जायचं नाही.

उलट्या किंवा जुलाब होत असतील तर निर्णय सगळ्यात सोपा आहे. शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन ४८ तास उलटल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊ नये. पोटाचे बरेचसे संसर्ग हातांवरून आणि अन्नावरून पसरतात, आणि जेवणाच्या घरी नेमके एकच डाव आणि एकच वाढण्याची भांडी सगळ्यांच्या हातातून फिरत असतात. ‘हात सॅनिटायझरने पुसून जाईन’ हा उपायही इथे फसवा आहे. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तरीही जायचं नाही. ताप उतरला म्हणायचं ते औषध न घेता पूर्ण २४ तास अंग थंड राहिलं तरच. फ्लूमध्ये लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस माणूस इतरांना लागण देऊ शकतो. कांजिण्यांत पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होऊ शकते. नुसती सर्दी असेल तर माणसं गोंधळतात. पहिले दोन-तीन दिवस, नाक वाहतंय, शिंका आणि खोकला चालू आहे, असं असेल तर मी तीही लागणच धरतो.

दुसरा प्रश्न: लागणीचा आजार नाही, पण मी तीन तास बसू शकतो का? अर्धशिशी, पाठीत भरलेली लचक, पित्त, चक्कर, जुन्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढणं हे यात येतं. तीनच तास का, तर जाणं, गप्पा, जेवण, निरोप आणि परत येणं याला कमीत कमी तेवढा वेळ लागतोच. ‘तासाभरात निघू’ असं ठरवून गेलेला माणूस ताटावर बसल्यावर उठू शकत नाही. या प्रकारात मात्र थोडी मुदत घेता येते. ठरलेल्या वेळेच्या पाच-सहा तास आधीची एक वेळ स्वतःशी पक्की करा. त्या वेळेला दुखणं कमी झालेलं नसेल तर फोन करा.

> जपून: पॅरासिटामॉल घेतल्यावर चार ते सहा तास ताप दबलेला राहतो. दुपारी तीनला गोळी घेऊन पाचला थर्मामीटर लावला आणि ‘उतरला ताप’ म्हणून निघालात, तर बरोबर जेवणाच्या वेळी हुडहुडी भरेल. निर्णयासाठी ताप मोजायचा तो गोळीच्या आधी.

> तपासा: त्या घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्क माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी आहे का? असेल तर किरकोळ सर्दीलाही ‘नाही’ हेच उत्तर.

## पायरी २: फोन करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या

तापलेल्या डोक्याने फोन लावला की माणूस माफी मागत राहतो आणि कामाचं सांगायचं राहून जातं. मग यजमानाला पुन्हा फोन करून विचारावं लागतं, ‘बरं, मुलं येतायत का?’ म्हणून आधी एका चिठ्ठीवर चार उत्तरं लिहा.

1. किती पानं कमी? ‘आम्ही येत नाही’ हे अपुरं आहे. आमंत्रण स्वीकारताना किती जण सांगितले होते आणि आता त्यातले किती येणार नाहीत, तो आकडा हवा.
2. घरातलं कोणी येणार आहे का? याचं उत्तर घरात बोलून आधीच पक्कं करा. फोनवर असताना मागे वळून ‘अगं, तू जातेस का?’ असं विचारायची वेळ येऊ नये.
3. मी काय आणणार किंवा करणार होतो? एखादा पदार्थ, खुर्च्या, मोठं पातेलं, कोणाला गाडीतून घेऊन येणं, फोटो काढणं, वाढायला उभं राहणं.
4. गेल्या दोन दिवसांत यजमानांना किंवा इतर पाहुण्यांना भेटलो होतो का? भेटला असाल आणि आजार लागणीचा असेल, तर ते कळण्याचा त्यांना हक्क आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा जास्त वेळ द्या. माणूस आपण न येण्याबद्दल बोलतो आणि आपल्याबरोबर काय काय येणार नाही हे विसरतो. यजमानाची खरी पंचाईत तिथे होते. एका माणसाचं जेवण उरलं तर ते दुसऱ्या दिवशी संपतं, पण तुम्ही आणणार असलेलं पातेलं आलं नाही तर वीस जणांचं जेवण अडतं.

## पायरी ३: कोणाला सांगायचं आणि कशाने

ज्या माणसाने बोलावलं त्यालाच सांगायचं, आणि ज्याला तुम्ही ‘येतो’ म्हटलं होतं त्याला. ही दोन माणसं वेगळी असतील तर स्वयंपाकाचं आणि पानांचं जो बघतो आहे त्याला आधी. ‘त्यांच्या भावाच्या कानावर घातलं होतं’ किंवा ‘ऑफिसात बोललो होतो’ हा निरोप नाही. तो वाटेत हरवतो, आणि मग कोणी कळवलंच नाही असा समज होतो.

कार्यक्रमाला चोवीस तासांपेक्षा कमी वेळ असेल तर फोनच करा. मेसेजवर दोन खुणा निळ्या झाल्या म्हणजे समोरच्याने तो वाचून मनात नोंदवला असं नसतं. स्वयंपाकाच्या दिवशी फोन कट्ट्यावर पडलेला असतो, हात पिठात असतात. मेसेज तासन् तास तसाच राहतो, आणि तुम्ही मात्र ‘कळवून टाकलं’ म्हणून झोपून जाता.

फोन उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा लावा. तरीही नाही उचलला तर लेखी निरोप टाका आणि त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन करा. घसा बसला असेल, बोलवतच नसेल, तर घरातल्या मोठ्या माणसाने तुमच्या वतीने बोलावं. लहान मुलाच्या हातात फोन देऊन ‘सांग, बाबा येत नाहीत’ हे करू नका. मुलाला पुढचे प्रश्न झेपत नाहीत.

नव्या घराच्या कार्यक्रमाला थोडा फरक पडतो. तिथे माणसं जास्त असतात, येण्याजाण्याची वेळ लांबट असते आणि घरमालक सकाळपासून गडबडीत असतात. त्यांना फोनवर धरून ठेवू नका. जेवणाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, बहुतेकदा भाऊ, मेहुणा किंवा मुलगी, त्या व्यक्तीला फोन करून आकडा द्या आणि घरमालकांना दोन ओळींचा मेसेज करा. जेवण बाहेरून मागवलं असेल तर पानांचा आकडा आदल्या दिवशीच दिलेला असतो आणि त्या दिवशी तो कमी होणं कठीण असतं. तरीही कळवायचं, कारण तुमची वाट पाहून पंगत थांबवली जाते.

उलट चार-सहा जणांच्या जेवणाला तुमचं न येणं म्हणजे बेतच मोडण्यासारखं असतं. तिथे फोन जितका लवकर जाईल तितके यजमानाच्या हातात पर्याय राहतात: दुसऱ्या कोणाला बोलावता येतं, स्वयंपाक कमी करता येतो, किंवा सगळंच पुढे ढकलता येतं. सकाळी सातला ठरलं असेल तर साडेआठला फोन करायला हरकत नाही. रात्री अकराला ठरलं असेल तर रात्रीच एक मेसेज टाकून ठेवा आणि सकाळी फोन करा. भाजी बाजारातून यायच्या आधी बातमी पोचली पाहिजे.

> जपून: सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर आधी टाकू नका. एकाने ‘येत नाही’ लिहिलं की काठावर बसलेले आणखी दोघे त्याच्या मागोमाग लिहितात, आणि यजमानाला आपल्या कार्यक्रमातली गळती सगळ्यांसमोर पाहावी लागते.

## पायरी ४: काय बोलायचं

वाक्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच वाक्यात ‘येत नाही’. मग एका वाक्यात कारण. मग आकडा. मग तुमच्याकडे असलेल्या कामाची सोय. आणि दिलगिरी शेवटी, एकदाच. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा करतात: आधी दिलगिरी, मग आजाराची सविस्तर हकीकत, आणि शेवटी, तेही अर्धवट, येण्या-न येण्याचं.

सहसा कानावर येतं ते हे:

> «वहिनी, अहो काय सांगू, रात्रीपासून जे काही चाललंय ना, झोप नाही, डोकं तर असं ठणकतंय... डॉक्टरांकडे जाऊन यायचंय. खूप मनात होतं हो यायचं. बघते, संध्याकाळपर्यंत वाटलं बरं तर येतोच आम्ही. तुम्ही वाट नका पाहू, पण येऊ बहुतेक.»

ऐकणाऱ्या वहिनींनी आता किती पानं धरायची? ‘वाट नका पाहू’ आणि ‘येऊ बहुतेक’ ही दोन्ही एकाच दमात सांगितली आहेत. मग त्या स्वयंपाक पूर्ण करणार, आणि साडेआठपर्यंत दाराकडे बघणार. बोलणारीच्या मनात मात्र आपण कळवलं आहे.

तेच बोलणं असं करा:

> «वहिनी, आज रात्री आम्हाला यायला जमणार नाही. मला सकाळपासून ताप आहे, आणि तुमच्याकडे आजी आहेत, म्हणून धोका नको. आमची चारही पानं कमी धरा. खुर्च्या मी आणणार होते, त्या दुपारी चारपर्यंत धाकटे दीर तुमच्याकडे पोचवतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. ऐनवेळी सांगावं लागतंय, त्याचं वाईट वाटतंय.»

यात पाच वाक्यं आहेत आणि एकही प्रश्न उरलेला नाही. आजाराचं नाव सांगावंच असं नाही. ‘ताप आहे’, ‘पोट बिघडलंय’, ‘पाठ धरली आहे’ एवढं पुरे. लागणीचा असेल तर मात्र तसं स्पष्ट सांगा, कारण त्यावर समोरच्याला काही करायचं असू शकतं. उलट्या किती वेळा झाल्या, थुंकीचा रंग कसा होता हे स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला सांगू नये.

खोटं कारण तर नकोच. ‘ऑफिसचं काम निघालं’ असं सांगितलं आणि आठवड्याने बोलता बोलता तापाचा विषय निघाला, की दोन्ही गोष्टींवरचा विश्वास जातो. आणि ज्याला काम आहे तो रात्री उशिरा का होईना येऊ शकतो, असं यजमान धरून चालतो.

### यजमानाने आग्रह धरला तर

हे होणारच, त्यामुळे उत्तर आधीच तयार ठेवा. आग्रह तीन प्रकारचा असतो.

*«अरे, थोडा वेळ तरी ये. आल्यावर बरं वाटेल.»* इथे पुन्हा लक्षणं सांगत बसू नका. लक्षणं सांगितली की त्यावर वाटाघाटी सुरू होतात: ‘एवढंच ना, मग काही नाही.’ कारण तुमच्यावरून त्यांच्या पाहुण्यांवर न्या: «तुमच्याकडे लहान मुलं असतील, मला त्यांच्यात बसायचं नाहीये. आज नाही.» हे वाक्य दोनदा, त्याच शब्दांत म्हणा. तिसऱ्यांदा आग्रह सहसा होत नाही.

*«बरं, मग डबा पाठवते.»* भल्या मनाने म्हटलेलं असतं, पण त्या रात्री त्या घरात डबा भरायला, पाठवायला कोणाला सवड नसते. तुमच्या आजारात ते जेवण चालणारही नसतं. «आज नको, मला साधंच खायचंय. तुम्ही पाहुण्यांकडे बघा» म्हणून थांबवा. स्वतःहून तर डब्याचा विषय काढूच नका.

*«मग आपण पुढे ढकलू या का?»* दहा-वीस जणांचा बेत असेल तर लगेच «नको, माझ्या एकट्यासाठी नको» म्हणा. पण जेवण मुळात तुमच्यासाठीच असेल, म्हणजे दोन कुटुंबांचंच असेल, तर निर्णय त्यांच्यावर सोडा आणि स्वतःची तारीख लगेच देऊ नका. बरं व्हायला किती दिवस लागतील हे माहीत नसताना दिलेली तारीख दुसऱ्यांदा मोडायची पाळी येते, आणि दुसऱ्यांदा मोडलेली तारीख सहज विसरली जात नाही.

## पायरी ५: तुमच्याकडची कामं सोडवून मगच झोपा

आजारी माणसाने धावपळ करावी असं मी म्हणत नाही. दोन फोन झोपूनही होतात. काम ‘तुम्ही बघा काहीतरी’ म्हणून यजमानावर ढकलण्यापेक्षा दुसऱ्या पाहुण्याला सांगा, आणि झालं की यजमानाला एका ओळीत कळवा.

पदार्थ. यात सगळ्यात जास्त चुका होतात, कारण केलेला पदार्थ वाया घालवणं जिवावर येतं. उलट्या-जुलाबाचा आजार असेल तर तुम्ही केलेला पदार्थ पाठवू नका, आदल्या रात्री केला असला तरी. आजाराची लक्षणं दिसायच्या आधीच हातांवाटे लागण पसरू शकते. पुढचे ४८ तास दुसऱ्यांसाठी काही शिजवायचंही नाही. नुसती पाठ धरली असेल किंवा अर्धशिशी असेल तर पदार्थ खुशाल पाठवा. सर्दी-तापात बनवलेला असेल तर मी पाठवत नाही. त्याऐवजी पॅकबंद, विकतचं काही कोणाकरवी जावं हे सगळ्यात सुटसुटीत. ते शक्य नसेल तर फोनवरच सांगा की हा पदार्थ येणार नाही, म्हणजे त्यांना दुपारपर्यंत वेळ मिळतो.

गाडी. कोणाला घेऊन जाणार होता त्या माणसाला तुम्हीच फोन करा. ती व्यक्ती वयस्क असेल तर तिची दुसरी सोय झाल्याशिवाय हे काम संपलं असं धरू नका.

वस्तू आणि किल्ल्या. त्यांची भांडी, इस्त्री, स्पीकर, नव्या घराची जादा किल्ली तुमच्याकडे असेल तर ती सकाळीच पोचली पाहिजे. लागणीचा आजार असेल तर वस्तू पुसून दाराबाहेर ठेवा आणि न्यायला येणाऱ्याला तसं सांगा.

भेटवस्तू. ती घाईने कोणाच्या हाती पाठवू नका. ती नंतर तुम्हीच न्यायची आहे.

## पायरी ६: घरातले बाकीचे जाणार का?

एकाला आजार, बाकीचे ठणठणीत, अशा वेळी ‘बाकीचे जातील’ हे उत्तर घाईने दिलं जातं. आजार लागणीचा नसेल आणि आजारी माणसाला एकटं राहता येत असेल तर जरूर जावं. यजमानाला बरंच वाटतं. लागणीचा असेल तर आजाऱ्याजवळ रात्रभर बसलेलं माणूस स्वतः ठणठणीत दिसलं तरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मदतीला जाऊ नये. नोरोव्हायरसमध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १२ ते ४८ तास जातात, त्यामुळे आज बरं असलेलं माणूस उद्या आजारी पडू शकतं, आणि मधल्या वेळात ते कोणाच्या तरी ताटाजवळ बसलेलं असतं.

मूल आजारी असेल तर एक पालक जाईल की कोणीच नाही, हे त्याच फोनमध्ये पक्कं सांगा. ‘हे येतील कदाचित’ म्हणजे पुन्हा तेच अधांतर, फक्त अर्ध्या पानाचं.

> तपासा: फोन ठेवताना यजमानाला विचारा, «मग आमची किती पानं धरली तुम्ही?» तो आकडा तुमच्या चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळला की निरोप पोचला.

## एक प्रसंग, सकाळपासून रात्रीपर्यंत

समजा, शनिवारी रात्री आठला दहा जणांचं जेवण आहे. तुम्ही नवरा, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा असे तिघं जाणार आहात. गोड पदार्थ तुमच्याकडे आहे आणि तो शुक्रवारी रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवलाय. शिवाय वाटेत एका वयस्क मावशींना गाडीतून घ्यायचं कबूल केलंय. शनिवारी पहाटे मुलाला दोन उलट्या होतात, आणि सकाळी सातला आईचंही पोट ढवळायला लागतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय. उलट्या आहेत, म्हणजे सोमवार सकाळच्या आधी मुलगा कुठे जेवायला जात नाही, आणि तेही आणखी उलटी झाली नाही तर. आई जाणार नाही. बाबा बरे आहेत, पण पहाटे चादरी त्यांनीच बदलल्या. तेही जाणार नाहीत. तीन पानं कमी.

पदार्थ आईच्या हातचा आहे. शुक्रवारी रात्री ती बरी होती खरी, पण सकाळी पोट ढवळलं म्हणजे लागण बहुधा तिच्यातही होती. पदार्थ पाठवायचा नाही. मनाला कितीही लागलं तरी. मावशींची सोय दुसऱ्या पाहुण्यांकडे होऊ शकते, कारण ते त्याच रस्त्याने जातात. बाबा आठला त्यांना विचारतात, ते हो म्हणतात, लगेच मावशींना फोन होतो: «मावशी, आज आम्ही येत नाही, मुलाचं पोट बिघडलंय. तुम्हाला न्यायला साडेसातला दुसरी गाडी येईल, त्यांचा नंबर तुमच्या सुनेला पाठवलाय.»

मग साडेआठला यजमानांना फोन: «दादा, आज आमच्यातलं कोणीच येत नाही. मुलाला पहाटेपासून उलट्या होताहेत, हिचंही पोट बिघडलंय, लागणीचं दिसतंय. आमची तीन पानं कमी धरा. गोड पदार्थ आमच्याकडचा पाठवणार नाही, त्याच कारणासाठी. दुकानातून पॅकबंद काही मागवून दुपारी तुमच्याकडे पोचवू का, की तुम्ही घरीच काही करताय? मावशींना शेजारचे घेऊन येतील, बोलणं झालंय.» दादा म्हणतात, नको, घरात करतो. इथे बाबा पुन्हा आग्रह धरत नाहीत.

चौथा मुद्दा राहतोच: गुरुवारी संध्याकाळी मुलगा यजमानांच्या मुलीबरोबर खेळला होता. म्हणून शेवटी एक वाक्य आणखी: «परवा दोघं एकत्र खेळले होते, म्हणून तुमच्याकडे कोणाचं पोट बिघडलं तर लक्ष असू द्या, आणि आज हात साबणानेच धुवा.» फोन चार मिनिटांत संपतो. पावणेनऊला घरात यापुढे कोणाला काही कळवायचं उरलेलं नाही.

संध्याकाळी सहाला मुलगा उड्या मारू लागतो. ‘आता जाऊ या का?’ हा प्रश्न इथे येतोच. उत्तर नाही. ४८ तास संपलेले नाहीत, आणि यजमानाने सात जणांचा स्वयंपाक केला आहे.

## पायरी ७: त्या रात्री आणि त्यानंतर

कार्यक्रम चालू असताना फोन करू नका. ‘काय काय केलंत, कोण कोण आलं’ हे दुसऱ्या दिवशी. त्या रात्री स्टेटसवर हसरे फोटो, जुने असले तरी, टाकू नका. ते आजचे नाहीत हे बघणाऱ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक छोटा मेसेज पुरतो: कार्यक्रम कसा झाला, आणि तुम्ही आता कसे आहात. पुन्हा माफी नको. दोनदा मागितली की त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. लागणीचा आजार असेल आणि तुम्ही आधी भेटला असाल तर त्यांच्याकडे सगळे बरे आहेत ना, हे विचारा.

पूर्ण बरं वाटल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तुम्हीच पुढाकार घ्या. ज्यांनी एकदा तुमच्यासाठी पानं धरली होती त्यांना पुन्हा बोलवायला लावू नका: त्यांना तुमच्याकडे बोलवा, किंवा नवं घर असेल तर भेटवस्तू घेऊन तासाभराची चहापुरती भेट ठरवा. दिवस ठरवताना ‘कधीही’ म्हणू नका. «रविवारी संध्याकाळी पाच ते सहा येऊ का? जेवायला थांबणार नाही» असं वेळेसकट विचारा. आणि निघायच्या आधी पुन्हा एकदा घरातल्या सगळ्यांचं अंग आणि पोट तपासून घ्या.